दह्याच्या डबीने मोजलेला केक

माझी भाची सप्टेंबरमध्ये एका सत्रासाठी स्पेनमध्ये सालामांकाला शिकायला गेली. तिथे ती एका आजींच्या घरी खोली भाड्याने घेऊन राहते. रविवारी सकाळी आजी केक करतात आणि तिला कॉफीबरोबर एक जाड तुकडा मिळतो. तो केक तिने फोनवर मला इतक्या वेळा खाऊन दाखवला की शेवटी मीच म्हटलं, "अगं, कृती तरी पाठव." ७ डिसेंबरला तिने आजींच्या वहीतल्या पानाचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "मावशी, सोपा आहे, नऊच ओळी आहेत."

त्या नऊ ओळींतून पुण्यातल्या माझ्या ओट्यावर केक यायला तीन रविवार गेले. स्पॅनिश कृती हातात घेऊन माझ्यासारखंच अडकलेलं कोणी असेल, तर त्यांचा एखादा रविवार वाचावा म्हणून हे लिहिते आहे.

स्पॅनिश मला येत नाही. घरात लेकीच्या कॉलेजच्या काळातला एक स्पॅनिश-इंग्रजी शब्दकोश आहे, तेवढाच आधार. कृतीचं नाव होतं 'बिस्कोचो दे योगुर', म्हणजे दह्याचा केक. स्पेनमध्ये बिस्कोचो म्हणजे साधा, वर क्रीम नसलेला स्पंज केक. नाव पाहून मी बिस्किटं समजले होते, पण भाचीचे फोटो होते म्हणून चुकले नाही.

पहिला अडथळा अक्षराचा होता. तिकडे हाताने एक लिहिताना वरची तिरकी रेघ इतकी लांब काढतात की तो सात वाटतो, आणि खरा सात ओळखू यावा म्हणून त्याच्या पोटावर आडवी रेघ मारतात. मी सुरुवातीला 'सात दही' असं वाचलं होतं. मग तापमानाच्या १८० मधला एक पाहिला, तो तसाच होता, तेव्हा उलगडा झाला. हाताने लिहिलेली कृती असेल तर आधी असा एक आकडा शोधावा ज्याबद्दल शंकाच नसते आणि त्यावरून बाकीचे आकडे लावावेत.

आता यादी. एक लिंबाच्या स्वादाचं दही. एक 'मेदिदा' सूर्यफुलाचं तेल. दोन साखर. तीन 'आरिना'. तीन 'उएवोस', म्हणजे अंडी. एक 'सोब्रे लेबादुरा'. एका लिंबाच्या सालीचा कीस. मग एक ओळ करायच्या पद्धतीची आणि शेवटची ओळ भट्टीची. यात साखरेचा शब्द 'आथूकार' आहे. आपली शर्करा अरबीत जाऊन 'सुक्कर' झाली आणि तिथून स्पेनला पोचली, हे कळल्यावर त्या पानाची भीती थोडी कमी झाली. आरिना आणि उएवोस शब्दकोशात सापडेनात, कारण ते भाचीने मला बोलून सांगितले होते आणि लिहिताना दोन्ही 'एच'ने सुरू होतात. हा एच लिहायचा, पण उच्चारायचा नाही.

'मेदिदा'ला शब्दकोशात दोन अर्थ दिले होते, माप आणि उपाय. 'एक उपाय तेल' नक्कीच नसणार, म्हणून माप घेतलं. पण कशाचं माप? कप लिहिलेला नाही, ग्रॅम नाहीत. 'सोब्रे' म्हणजे 'वर' असं दिलं होतं, म्हणून 'वरून एक लेबादुरा' असा अर्थ मी लावला. आणि लेबादुरा म्हणजे यीस्ट, हे तर शब्दकोशात पहिल्याच क्रमांकावर होतं.

भाचीला विचारलं तर तिने आजींना विचारून दुपारी कळवलं (हिवाळ्यात तिकडचं घड्याळ आपल्या साडेचार तास मागे असतं, त्यामुळे सकाळी विचारलेल्याचं उत्तर जेवणं झाल्यावरच मिळतं). आजी हसल्या म्हणे. माप म्हणजे दह्याची डबी! दही भांड्यात ओतायचं, डबी धुऊन पुसायची आणि तिनेच तेल, साखर, आरिना मोजायचं. एक, एक, दोन, तीन. तिकडे लहान मुलंसुद्धा हा केक करतात, कारण वजनकाटा लागत नाही. आणि आरिना म्हणजे नुसतं पीठ म्हटलं की गव्हाचं पांढरं पीठ, म्हणजे आपला मैदा.

मला वाटलं, झालं. १४ डिसेंबरच्या रविवारी मी दुकानातून दह्याची डबी आणली, २०० ग्रॅमची. साधं दही, कारण लिंबाच्या स्वादाचं मिळालं नाही. डबीने तेल मोजलं, साखर दोन डब्या, मैदा तीन डब्या. तीन अंडी. वरून एक छोटा चमचा यीस्ट. ओटीजी १८० वर ठेवला, चाळीस मिनिटं.

चाळीस मिनिटांनी जे बाहेर आलं ते कडेला बिस्किटासारखं, मध्ये ओलं आणि उंचीला ढोकळ्यापेक्षा कमी होतं. सासूबाई स्वयंपाकघरात येऊन म्हणाल्या, "पाव करतेस का? वास पावाचा येतोय." त्यांचं निदान शंभर टक्के बरोबर होतं, फक्त मला ते तेव्हा कळलं नाही. मैदा, साखर, तेल, अंडी धरून दीडशे रुपयांचं सामान वाया गेलं. कडेकडेचे तुकडे चहात बुडवून संपवले.

संध्याकाळी भाचीला फोटो पाठवला. तिने उलट आजींच्या फडताळातल्या एका कागदी पुडीचा फोटो पाठवला. पुडीवर मोठ्या अक्षरात 'रॉयल' लिहिलेलं आणि खाली १६ ग्रॅम. 'सोब्रे' म्हणजे 'वर' हे खरंच, पण सोब्रे म्हणजे पाकीट, पुडीसुद्धा! आणि पुडीत यीस्ट नव्हतं, बेकिंग पावडर होती.

इथे बहुतेक सगळे फसतात, म्हणून जरा थांबून सांगते. स्पेनमध्ये लेबादुरा हा एकच शब्द दोन्हींना वापरतात. पावाच्या यीस्टला 'पानादेरिया'ची, म्हणजे बेकरीची लेबादुरा म्हणतात, आणि केकच्या पावडरीला 'किमिका', म्हणजे रासायनिक. घरच्या वहीत मात्र कोणी विशेषण लिहीत बसत नाही, नुसतं लेबादुरा लिहितात किंवा त्या पुडीच्या नावावरून 'रॉयल' लिहितात. मग ओळखायचं कसं? पुढची पद्धत वाचायची. पीठ झाकून तास-दोन तास ठेवा, दुप्पट होऊ द्या, असं असेल तर यीस्ट. मिश्रण करून लगेच भट्टीत घालायचं असेल तर बेकिंग पावडर. यीस्टला वायू तयार करायला वेळ लागतो. माझं यीस्ट काम सुरू करायच्या आतच भट्टीच्या उष्णतेने मेलं आणि मागे वास तेवढा ठेवून गेलं. स्पॅनिश बोलणाऱ्या लॅटिन अमेरिकेतल्या बऱ्याच देशांत पावडरीला 'पोल्बो दे ओर्नेआर', म्हणजे भाजायची पूड, असा सरळ शब्द आहे, त्यामुळे तिकडच्या कृतीत हा घोळ होत नाही. कृती कुठल्या देशातली आहे हे आधी पाहण्याचं हे एक कारण.

२१ डिसेंबरला दुसरा प्रयत्न केला. या वेळी बेकिंग पावडर घेतली. १६ ग्रॅम म्हणजे किती चमचे हे कळायला काटा नव्हता, म्हणून अंदाजाने चार छोटे चमचे घातले. डबी तीच, २०० ग्रॅमचीच, कारण माझा हिशेब असा होता की सगळं एकाच डबीने मोजलं तर डबी लहान काय, मोठी काय, प्रमाण तेच राहणार.

केक फुगला. ओटीजीच्या काचेतून आम्ही तिघी बघत होतो. तिसाव्या मिनिटाला वरची बाजू काळपट झाली आणि मध्ये भेग पडली. बाहेर काढला तेव्हा मध्यभाग हळूहळू खाली बसला, कोणी उसासा सोडावा तसा. चव बरी होती, पण जिभेवर मागून साबणासारखं काहीतरी राहत होतं, आणि दाताखाली साखर कचकचत होती. तुकडा कोरडाही होता. लेक म्हणाली, "आई, पहिल्यापेक्षा हा केक तरी आहे."

त्या रात्री पानावरचे आकडे परत पाहताना चूक सापडली. डबीने मोजायच्या गोष्टी चारच आहेत: दही, तेल, साखर, मैदा. अंडी आणि पुडी डबीने मोजलेली नाहीत, ती नगावर आहेत. माझी डबी मोठी होती, म्हणून मैदा-साखर भरपूर झाली आणि अंडी मात्र तीनच राहिली. प्रमाण तेच राहतं हा माझा हिशेब अर्धाच खरा होता. म्हणजे आजींची डबी किती मोठी आहे हे कळल्याशिवाय ही कृती वाचताच येत नाही. भाचीने डबीवरचं वाचून सांगितलं, १२५ ग्रॅम. तिकडे बहुतेक दही याच मापाच्या डब्यांत येतं, म्हणून कोणाला ते लिहायची गरजच वाटत नाही. आपल्याकडे ८०, १००, २००, ४०० असं काहीही येतं.

दुसऱ्या दिवशी वजनकाटा मागवला, ३९९ रुपयांचा, आणि त्याबरोबर भट्टीत ठेवायचा थर्मामीटर, ३५० रुपयांचा. दोन दिवसांत येणार होते, नाताळच्या गर्दीत २७ तारखेला आले. तो आठवडा चिडचिडीत गेला, पण कृतीतले बाकीचे शब्द त्याच आठवड्यात निवांत लावून झाले.

पद्धतीच्या ओळीत होतं की अंडी आणि साखर 'ब्लांकेएन' होईपर्यंत फेटा. शब्दशः पांढरी होईपर्यंत. हाच शब्द भाजीच्या कृतीत आला तर उकळत्या पाण्यातून काढणं असा अर्थ होतो, त्यामुळे शब्दकोश पुन्हा घोळात टाकतो. अंड्यांच्या बाबतीत मात्र अर्थ असा की पिवळा रंग फिकट सायीसारखा व्हावा आणि चमचा उचलल्यावर मिश्रण तुटक थेंबांनी न पडता रिबिनीसारखं पडावं. हँड मिक्सरने मला पाच मिनिटं लागली. मैदा घालताना 'एन्बोल्बेन्तेस' हालचाली करा असं होतं, म्हणजे गुंडाळल्यासारख्या. उलथन्याने खालून वर आणायचं, फेटायचं नाही. आपण इडलीच्या फुगलेल्या पिठाला जसा जपून डाव लावतो तसं.

काटा आल्यावर आधी अंडी मोजली. तीन अंडी फोडून वजन भरलं १३२ ग्रॅम, म्हणजे एक सुमारे ४४. युरोपात अंडी वजनाच्या वर्गांत विकतात. आजी 'एल' आणतात, आणि तो वर्ग टरफलासकट ६३ ते ७३ ग्रॅमचा असतो. टरफल वजा केलं तर एक अंडं साठेक ग्रॅम, तीन म्हणजे १८० च्या आसपास. माझी चार अंडी १७६ भरली. म्हणजे त्यांची तीन ती माझी चार. दुसरा केक कोरडा का झाला हे काट्याने दोन मिनिटांत सांगितलं.

बेकिंग पावडरचा एक चमचा काट्यावर नीट दिसत नाही, साधा काटा एवढ्या कमी वजनाला डळमळतो. म्हणून पाच सपाट चमचे एकत्र मोजले, २० ग्रॅम झाले. एक चमचा चार ग्रॅम. म्हणजे दुसऱ्या वेळी मी पुडीइतकी, १६ ग्रॅमच घातली होती. तरी साबणाची चव आलीच. आजींना विचारलं तर त्या म्हणाल्या, पुडी पूर्ण घालायची सवय आहे, पण पाऊण घातली तरी फुगतो. इतर केकच्या कृती पाहिल्या तर २०० ग्रॅम मैद्याला दोन ते अडीच छोटे चमचे पुरतात. जास्त झाली की केक भराभर वर येतो, त्याला तोलून धरणारी भिंत अजून शिजलेली नसते आणि तो बसतो. माझा उसासा टाकणारा केक तोच होता.

डबीचं माप सोपं निघालं. १२५ ग्रॅम दह्याला साधारण अर्धा मेझरिंग कप लागतो, १२० मिलीचा. मग दही अर्धा कप, तेल अर्धा कप, साखर एक कप, मैदा दीड कप. मात्र मैदा कसा भरता यावर बराच फरक पडतो. डब्यात कप खुपसून भरला तर माझा अर्धा कप ७५ ग्रॅम भरला, चमच्याने हलका भरून सुरीने सपाट केला तर ६२. तीन वेळा मोजायचं म्हणजे चाळीस ग्रॅमची तफावत. मी मधला आकडा धरला, २०० ग्रॅम.

साखरेची एक गंमत. आपली साखर दाणेदार, जाड. तिकडची बारीक असते, अंड्यात फेटताना विरघळते. आपली मिक्सरमधून फिरवावी लागते, पण आधी मोजायची आणि मग फिरवायची. पिठीसाखर कपाने मोजली तर ती हलकी भरते आणि केक कमी गोड होतो. मी १८० ग्रॅम घेतली, मूळ प्रमाणात २०० झाली असती. आम्हाला तेवढी पुरली.

आणि लिंबू. तिकडचं 'लिमोन' मोठं, पिवळं, जाड सालीचं. आपल्या कागदी लिंबाची साल इतकी पातळ की किसणीच्या दुसऱ्या फेरीत पांढरा भाग लागतो, आणि तो कडू. मी तीन टणक लिंबं तासभर फ्रीजमध्ये ठेवली आणि बारीक किसणीवर प्रत्येक जागी एकदाच फिरवली. कीस चमचाभर निघाला. वास तिकडच्यापेक्षा उग्र येतो, पण छान येतो. दही घरचंच घेतलं, फक्त मलमलीत अर्धा तास टांगलं, कारण आपल्या दह्याला पाणी जास्त सुटतं. टांगल्यावर पुन्हा १२५ ग्रॅम मोजलं.

भट्टीच्या ओळीत १८० अंश आणि 'वरून-खालून उष्णता' असं होतं. ओटीजीवर दोन्ही रॉड सुरू असलेलं चिन्ह तेच. थर्मामीटर आत ठेवला तर बटण १८० वर असताना आत २०० च्या पुढे होतं! माझ्या काळपट केकचं कारण तिथे लटकलेलं होतं. बटण १६० वर आणलं तेव्हा आत १८० झालं. तुमच्या ओटीजीचा फरक वेगळा असेल, उलटाही असेल. शिवाय लहान ओटीजीत वरचा रॉड केकच्या डोक्यावरच असतो, म्हणून जाळी एक खण खाली लावली.

२८ डिसेंबर. चार अंडी आणि फिरवलेली साखर फिकट होईपर्यंत फेटली, दही, तेल, कीस घातला, मैदा आणि अडीच चमचे बेकिंग पावडर चिमूटभर मिठाबरोबर दोनदा चाळून वरून घातली, उलथन्याने गुंडाळली. आठ इंची भांड्याला लोणी लावून मैदा भुरभुरला. पानावर 'मान्तेकिया' होतं, म्हणजे लोणी. त्याचाच भाऊ शोभेल असा 'मान्तेका' शब्द स्पेनमध्ये डुकराच्या चरबीला वापरतात, तेव्हा शाकाहारी घरात हा फरक डोळ्यात तेल घालून बघा.

पंचवीस मिनिटं दार उघडलं नाही. पस्तिसाव्या मिनिटाला विणकामाची सुई खुपसली, तिला ओलं लागलं. वर रंग आला होता म्हणून ॲल्युमिनियमचा कागद झाकला. बेचाळिसाव्या मिनिटाला सुई कोरडी निघाली. पानावर हे 'टोचल्यावर काडी स्वच्छ निघेपर्यंत' असं लिहिलं होतं, आणि सगळ्या कृतीत मला न अडवणारी ती एकमेव ओळ होती.

केक बसला नाही. दहा मिनिटं भांड्यातच ठेवला, मग उलटा केला. सासूबाईंनी तुकडा हातात घेऊन दाबला, तो परत वर आला. "आता केकचा वास आहे," एवढंच म्हणाल्या आणि दुसरा तुकडा घेतला.

त्याच संध्याकाळी फोटो सालामांकाला गेला. आजींनी भाचीला विचारलं म्हणे, की तुझ्या मावशीने वजनकाटा कशाला आणला, दह्याच्या डब्या मिळत नाहीत का तिकडे? भाचीने पुढच्या पानाचाही फोटो पाठवला आहे, दुधातला भात. त्यात दूध 1.000 मिली आणि तांदूळ 'गोल' असं लिहिलं आहे. तिकडे हजार लिहिताना टिंब देतात आणि दशांशाला स्वल्पविराम, एवढं आता मला कळतं, त्यामुळे एक मिली दुधात भात शिजवायला मी काही निघणार नाही. गोल तांदळाला आमच्याकडे आंबेमोहोर आहे. संक्रांतीनंतरच्या रविवारी करून बघते.